कांद्याच्या कात्रणांचं एक पान

2024 च्या यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात एक प्रश्न आला होता. शेतमालाचे भाव स्थिर ठेवण्यात बफर साठ्याचं महत्त्व काय ते स्पष्ट करा, आणि असा साठा साठवताना कोणत्या अडचणी येतात त्याची चर्चा करा. पंधरा गुण, अडीचशे शब्द. प्रश्नात कांद्याचं नाव कुठेही नव्हतं. पण त्याआधीच्या वर्षभरात मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या मुलामुलींकडे या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त मालमसाला होता तो कांद्याचाच. प्रश्न एवढाच होता की तो त्यांच्या फाइलीत कोणत्या नावाखाली पडला होता.

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये मी अशा फाइली बऱ्याच पाहिल्या आहेत. ‘कांदा’ नावाचा एक कप्पा, त्यात तारखेनुसार लावलेली कात्रणं. निर्यातशुल्क लागलं, लिलाव बंद पडले, निर्यातबंदी आली, मुदत वाढली, बंदी उठली. प्रत्येक कात्रण नीट कापलेलं, हायलायटरने रंगवलेलं. आणि हे सगळं चाळून झाल्यावर ‘बफर साठा का ठेवायचा’ या साध्या प्रश्नाला चार ओळी लिहायला बसावं तर हात अडतो, कारण एकाही बातमीचा मथळा तो नव्हता. बातमी त्या दिवशी काय बदललं ते सांगते. परीक्षा विचारते की हे पुन्हापुन्हा का घडतं. कात्रणांपासून विषयवार टिपणं काढताना सगळी मेहनत या एका अंतरासाठी करायची असते. ते अंतर कसं कापायचं हे मी इथे कांद्याच्याच उदाहरणाने लिहिते आहे, कारण महाराष्ट्रातल्या उमेदवाराला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे हे कौशल्य दोन्हीकडे लागतं.

सुरुवात कप्प्याच्या नावापासून. पानाला ‘कांदा’ हे नाव द्यायचं नाही. अभ्यासक्रमात जे शब्द छापले आहेत तेच पानाच्या डोक्यावर लिहायचे. तिसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात शेतमालाची साठवण, वाहतूक आणि विपणन असा एक भाग आहे. बफर साठा आणि अन्नसुरक्षा असा दुसरा. किमान आधारभूत किंमत आणि अनुदानं असा तिसरा. कांद्याची बातमी यातल्या कोणत्या तरी एका पानावर जाईल, आणि तिथे कांदा हा विषय नसेल, विषयाचा पुरावा असेल. हा बदल दिसायला लहान आहे, पण तो केला की बातमी वाचण्याची नजरच बदलते. ‘डिसेंबरात निर्यातबंदी’ हे वाचताना आपण आपोआप विचारतो, की हे साठवणीच्या पानावर जाईल का? का जाईल?

पान सुटं हवं, बांधलेली वही नको. विषयवार टिपणांत मधे मधे भर पडत असते आणि वहीत मधे जागा नसते. एका विषयाला एक सुटं पान, पाठपोट. त्याहून जास्त झालं तर समजायचं की विषय फार मोठा धरला आहे किंवा आपण नुसतं उतरवून काढतो आहोत. पुरवणी कागद जोडत गेलं की टिपण हळूहळू पुन्हा कात्रणांची फाइल होतं.

आता एक कात्रण हातात घेऊ. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, 31 मार्च 2024 पर्यंत. त्या दिवशीच्या बातमीत साधारण काय काय होतं? बंदीची मुदत. सरकारचं कारण, म्हणजे देशात कांदा पुरेसा मिळावा आणि भाव आटोक्यात राहावेत. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत उमटलेली प्रतिक्रिया. शेतकरी संघटनांचं म्हणणं, विरोधी पक्षांचं म्हणणं, मंत्र्यांचं उत्तर. त्या दिवशीचे भाव. एखादा फोटो.

यातलं किती ठेवायचं? मी कात्रणावर पेन्सिलीने फक्त चार गोष्टींखाली रेघ मारायला सांगते. काय बदललं, कुणी आणि कोणत्या अधिकारात बदललं, कारण काय दिलं, आणि विरोध कुणाचा व कशासाठी. राजकीय वाक्यं आणि त्या दिवशीचा भाव गळून पडतो. भाव गळताना जीव थोडा हळहळतो, कारण आकडा दिसला की तो जपावासा वाटतो. पण लासलगावचा एका दिवसाचा सरासरी भाव परीक्षेच्या दिवशी कुणालाच उपयोगाचा नसतो.

या चारांपैकी दुसरी गोष्ट, म्हणजे कुणी आणि कोणत्या अधिकारात, ही सगळ्यात जास्त वेळा सुटते. बोलताना आपण सगळ्यालाच ‘निर्यातबंदी’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात 2023 मध्ये तीन वेगळी हत्यारं एकामागून एक वापरली गेली. ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. हा कर आहे आणि तो अर्थ मंत्रालय लावतं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर असं किमान निर्यात मूल्य ठरलं. म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येणार नाही, आणि हे वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. मग डिसेंबरात थेट बंदी आली, तीही याच महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. शिवाय बफर साठ्याचं काम तिसऱ्याच खात्याकडे, ग्राहक व्यवहार विभागाकडे, आणि प्रत्यक्ष खरेदी नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडे. भाव पाडणारे निर्णय दोन मंत्रालयांचे आणि साठा करणारा विभाग तिसरा, हे एकदा लक्षात आलं की ‘धोरणात सुसूत्रता हवी’ हे प्रत्येक उत्तराच्या शेवटी चिकटवलं जाणारं वाक्य पोकळ राहत नाही. कोणामध्ये सुसूत्रता हवी ते आपल्याला सांगता येतं.

एककांचंही इथेच बघून घ्यायचं. बातम्यांत कांदा कधी क्विंटलमध्ये येतो, कधी टनात, कधी किलोत आणि मूल्य कधी डॉलरमध्ये. टनाला 800 डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने किलोला सुमारे 67 रुपये. हे रूपांतर कात्रण हातात असतानाच समासात करून ठेवावं. पुढे सहा महिन्यांनी टिपणात ‘800’ आणि ‘2,410’ असे दोन आकडे शेजारी दिसले तर त्यातला एक टनाचा डॉलरभाव आहे आणि दुसरा नाफेडच्या खरेदीचा क्विंटलचा रुपयांतला भाव, हे आठवत बसावं लागू नये.

कात्रण निघालं, रेघा मारल्या. पण टिपण त्याच दिवशी करायचं नाही. हे मी आग्रहाने सांगते, कारण रोज रात्री टिपणं काढणारी मुलं सगळ्यात लवकर थकतात आणि त्यांचीच पानं सगळ्यात जाड होतात. कात्रणं एका पाकिटात पंधरा दिवस पडू द्यावीत. पंधरा दिवसांनी पाकीट उघडलं की त्यातली बरीच कात्रणं आपोआप निकामी झालेली असतात. ‘सरकार विचार करत आहे’ ही बातमी एक तर खरी ठरलेली असते किंवा विरलेली असते. ‘लिलाव बंद’ची बातमी ‘लिलाव सुरू’च्या बातमीने संपवलेली असते. उरतात ती दोन-तीन. त्यांचंच टिपण.

आता पानाची रचना. उत्तर ज्या क्रमाने लिहायचं त्याच क्रमाने पान असावं: संकल्पना काय, गरज का, अडचणी कोणत्या, आत्तापर्यंत काय केलं, पुढे काय करता येईल. यातला पहिला भाग वर्तमानपत्रातून येत नाही, तो पुस्तकातून आधीच लिहून ठेवायचा असतो. बातमी कधीच सांगत नाही की धान्याचा बफर साठा भारतीय अन्न महामंडळ ठेवतं, आणि कांद्यासारख्या मालासाठी 2014-15 मध्ये भाव स्थिरीकरण निधी निघाला. वाचकाला ते माहीत आहे असं धरूनच बातमी लिहिलेली असते. हा पाया पानावर नसेल तर पुढची सगळी कात्रणं हवेत लटकतात.

‘बफर साठा’ या पानाचा ‘अडचणी’ हा भाग भरून दाखवते. निर्यातबंदीची कात्रणं इथे जवळपास काहीच देत नाहीत. कामाला येतात ती आतल्या पानांवरची, शेतीच्या पुरवणीतली, मथळा लहान असलेली कात्रणं. त्यांतून असं कळतं की महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत येतो, खरीप, रांगडा आणि उन्हाळ, आणि यातला फक्त उन्हाळ कांदाच नीट टिकतो. तो एप्रिल-मेच्या सुमारास निघतो आणि नवा खरीप बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला पुरवावा लागतो. तो राहतो कांदाचाळीत, जिथे हवा खेळती असते पण तापमानावर आणि दमटपणावर ताबा नसतो. पावसाळ्यात कांदा वजनात घटतो, सडतो, त्याला मोड येतात. चार-पाच महिन्यांत चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो. गहू-तांदळाचा साठा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात नेता येतो, कांद्याचा नेता येत नाही. म्हणून कांद्याचा बफर दर उन्हाळ्यात नव्याने विकत घ्यावा लागतो आणि दिवाळीच्या आसपास रिकामा करावा लागतो. मोड रोखण्यासाठी विकिरणाचा मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे केंद्र त्यासाठीच उभारलं.

हे सगळं पानावर असं उतरतं:

> अडचणी – (1) नाशवंतपणा: धान्यासारखा पुढल्या वर्षी नेता येत नाही, चाळीत घट, सड, मोड, ¼+ (2) फक्त उन्हाळ टिकतो → खरेदीची खिडकी एप्रिल–जून (3) आकार: 2023 मध्ये 3 लाखांवरून 5 लाख टन (4) खरेदीची वेळ चुकली तर साठा व्यापाऱ्याकडे, शेतकऱ्याकडे नाही. पाहा: वाहतूक पान, कांदा एक्सप्रेस.

इतकंच. यात पूर्ण वाक्यं नाहीत, विशेषणं नाहीत. पण परीक्षेत यातल्या एकेका तुकड्याचं वाक्य अर्ध्या मिनिटात होतं. वीस प्रश्नांना तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं, आणि त्यात प्रश्न वाचणं, विचार करणं, लिहिणं सगळं आलं. वाक्य शोधायला तिथे वेळ नसतो.

शेवटच्या ‘पाहा’बद्दल थोडं. ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून सुमारे 1,600 टन कांदा ‘कांदा एक्सप्रेस’ या रेल्वेगाडीने दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर पोचला. सणासुदीच्या तोंडावर बफरमधला माल थेट ग्राहकांच्या शहरात नेण्याचा तो प्रयोग होता. ही बातमी बफरची आहे की वाहतुकीची? दोन्हींची. पण ती दोन ठिकाणी लिहायची नाही. 2020 मध्ये याच पेपरात शेतमालाच्या वाहतुकीतल्या आणि विपणनातल्या मुख्य अडचणींवर प्रश्न आला होता, तेव्हा ती वाहतुकीच्या पानावर राहू द्यावी आणि इथे फक्त खूण करावी. एकच माहिती तीन पानांवर असली की तिच्यात बदल झाल्यावर एक पान सुधारलं जातं आणि दोन जुनीच राहतात. उजळणी करताना मग कुठलं खरं तेच कळत नाही.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी मला विषयवार मांडणी मनापासून आवडते. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव इतके कोसळले होते की शेतकरी नाशिकहून मुंबईच्या दिशेने पायी निघाले, आणि राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव चढू लागले म्हणून केंद्राने 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. तारखेनुसार लावलेल्या फाइलीत या दोन कात्रणांमध्ये पाच महिन्यांचा कागद असतो. ती एकमेकांना भेटतच नाहीत. बफरच्या पानावर मात्र ती एकाखाली एक येतात, आणि तेव्हा दिसतं की भाव पडल्याचं नुकसान राज्याच्या तिजोरीतून भरलं जातं आणि भाव चढल्यावरचा निर्णय केंद्राच्या हातात असतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे आणि परदेशांशी व्यापार संघसूचीत. म्हणजे आपण तिसऱ्या पेपरची कात्रणं लावत होतो आणि दुसऱ्या पेपरच्या केंद्र-राज्य संबंधांच्या पानाला एक जिवंत उदाहरण मिळालं. हे जोडकाम कुठल्याही मासिकात आयतं मिळत नाही, आणि मिळालं तरी ते दुसऱ्याचं असतं. स्वतःच्या हाताने दोन कात्रणं शेजारी ठेवल्यावर जे सुचतं ते उत्तरात वेगळं उमटतं, असं माझं ठाम मत आहे.

अग्रलेख आणि संपादकीय पानावरचे लेख यांचं टिपण बातमीसारखं करता येत नाही. तिथे तथ्यं कमी आणि युक्तिवाद जास्त असतो. एका लेखातून एकच वाक्य काढायचं: लेखकाचा दावा आणि त्याचं कारण. निर्यातबंदीवर दोन बाजू अशा निघतात. ग्राहकाची बाजू: कांदा रोजच्या ताटातला आहे, त्याचा भाव दुप्पट झाला की गरीब घराचा हिशेब कोलमडतो, आणि टंचाईच्या काळात माल बाहेर जाऊ देणं सरकारला परवडत नाही. उत्पादकाची बाजू: पडत्या भावाचं नुकसान शेतकरी एकटा सोसतो, चढत्या भावाचा फायदा मात्र त्याला मिळू दिला जात नाही, आणि वारंवारच्या बंदीमुळे परदेशी खरेदीदार दुसऱ्या देशांकडे वळतात. मी नाशिकच्या बाजूने झुकते, ते लपवत नाही. पण टिपणात दोन्ही बाजू अशा लिहिल्या पाहिजेत की त्या त्या बाजूच्या माणसाला वाचून वाटावं, हो, मला हेच म्हणायचं आहे. एक बाजू तीन ओळींची आणि दुसरी तीन शब्दांची झाली असेल, तर आपण एकाच वर्तमानपत्राची कात्रणं काढत आलो आहोत असं बहुतेक वेळा निघतं. मग सरकारची भूमिका पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ निवेदनात वाचावी. तिथे कारण सरकारच्याच शब्दांत मिळतं, आणि आकडेही छपाईच्या चुकांशिवाय.

पान जमलं की नाही हे कसं ओळखायचं? मागच्या वर्षांचा एक प्रश्न घ्यायचा आणि फक्त ते पान समोर ठेवून उत्तराचे मुद्दे काढायचे. 2024 च्या बफरच्या प्रश्नाला वरच्या पानावरून सुरुवात अशी होऊ शकते: ‘बफर साठा सुगीच्या वेळी खरेदी करून उत्पादकाचा भाव सावरतो आणि टंचाईच्या वेळी विक्री करून ग्राहकाचा. 2023 मध्ये भाव कोसळल्यावर महाराष्ट्राला अनुदान द्यावं लागलं आणि काही महिन्यांतच भाव चढल्यावर केंद्राला निर्यातशुल्क लावावं लागलं. पुरेसा आणि वेळेवर केलेला साठा ही दोन्ही टोकं काही अंशी बोथट करू शकला असता.’ तीन वाक्यांत संकल्पना, उदाहरण आणि मत आलं. निर्यातबंदीची तारीख लागलीच नाही. पान समोर असूनही मुद्दे निघत नसतील तर बहुधा त्यावर घटना आहेत, कारणं नाहीत. आणि पानावर सगळी कारणं असूनही उत्तर पुस्तकी वाटत असेल तर उदाहरणं नाहीत, म्हणजे पाया भरला पण कात्रणांचं काही आलंच नाही.

पूर्वपरीक्षेचं थोडं वेगळं. तिथे ‘किमान निर्यात मूल्य कोण ठरवतं’ असा थेट प्रश्न येऊ शकतो. त्यासाठी पानाच्या मागच्या कोपऱ्यात संस्था, कायदा आणि खातं एवढ्याच तीन गोष्टींची छोटी चौकट पुरते. जीवनावश्यक वस्तू कायदा 1955, विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायदा 1992, भाव स्थिरीकरण निधी, नाफेड, एनसीसीएफ. बस.

राहिली ती पान ताजं ठेवण्याची बाब. कांद्याचा विषय थांबत नाही. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. या प्रत्येक वेळी नवी ओळ लिहिली तर पान इतिहासाचं होतं. त्याऐवजी ‘सद्यःस्थिती’ अशी एकच ओळ पेन्सिलीने ठेवावी, बाजूला महिना लिहावा आणि दर वेळी जुनी खोडून नवी लिहावी. मागचा सगळा प्रवास बाणांच्या एका ओळीत मावतो: शुल्क → किमान मूल्य → बंदी → किमान मूल्य + शुल्क → शुल्क → मुक्त. या ओळीकडे पाहिलं की दोन वर्षांपेक्षा कमी काळात धोरण किती वेळा वळलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि ‘निर्यात धोरणातली अनिश्चितता’ हा मुद्दा लिहिताना वेगळा आधार शोधावा लागत नाही.

मुख्य परीक्षेच्या साधारण महिनाभर आधी ही पेन्सिलीची ओळही बंद करावी. त्यानंतर आलेली बातमी वाचावी जरूर, पण पानावर आणू नये. तोवर डोळ्यांना पानावरची प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते पाठ झालेलं असतं, ‘अडचणी’ डावीकडे खाली, बाणांची ओळ मागच्या बाजूला, आणि ती जागा हलवली तर उजळणीला पुन्हा पहिल्यापासून वेळ द्यावा लागतो. मूळ कात्रणं तेव्हापर्यंत रद्दीत गेलेली असली तरी चालतं. फक्त ज्यांवरून दोन्ही बाजूंचे युक्तिवाद घेतले तेवढे लेख पाकिटात ठेवावेत, कारण मुलाखतीला त्यांचा पुन्हा उपयोग होतो, आणि नाशिक-अहिल्यानगरकडच्या उमेदवाराला कांद्यावर प्रश्न विचारला जाण्याची शक्यता असतेच.